इन्कॉग्निटो टॅबमध्ये स्क्रीनशॉट का येत नाही? काउंटरवरच्या टॅबलेटमागची खरी गोष्ट



एक छोटा प्रयोग करा. तुमच्या अँड्रॉइड टॅबलेटवर क्रोम उघडा, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर टॅप करून नवा इन्कॉग्निटो टॅब घ्या, त्यात कुठलीही साधी वेबसाइट उघडा आणि पॉवर आणि व्हॉल्यूम डाऊन ही दोन बटणं एकत्र दाबा. स्क्रीनशॉट येणार नाही. खाली एक बारीकशी पट्टी येईल. कुठल्या कंपनीचा टॅबलेट आहे त्यानुसार शब्द वेगळे असतील, पण मतलब एकच: सुरक्षेच्या कारणामुळे स्क्रीनशॉट घेता येत नाही, किंवा हे अ‍ॅप किंवा तुमची संस्था त्याला परवानगी देत नाही.

"संस्था" हा शब्द वाचून बरेच जण घाबरतात. दुकानाला कसली आलीय संस्था? मग कुणी म्हणतं टॅबलेट हॅक झाला, कुणी म्हणतं व्हायरस आहे, आणि मोबाईल रिपेअरवाला म्हणतो "फॅक्टरी रीसेट मारावा लागेल, तीनशे रुपये." थांबा. तुमच्या टॅबलेटला काहीही झालेलं नाही. ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे, आणि तिचं कारण कळलं की तुम्ही स्वतःच ठरवाल की ती काढायची की राहू द्यायची.

आधी एक खरं उदाहरण घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्सवर आता फार सुटत नाही, म्हणून त्यांनी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम सुरू केलं. त्यात सगळ्यात जास्त येतं ते उद्यम नोंदणीचं काम. शिलाईवाल्या, पापड-मसालेवाल्या, चहाची गाडी लावणारे, सगळ्यांना कर्जासाठी किंवा योजनेसाठी ते सर्टिफिकेट लागतं. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी फुकट आहे, ताई फक्त फॉर्म भरून द्यायचे आणि प्रिंटचे पैसे घेतात. काउंटरवर दहा इंची टॅबलेट, आणि त्या दुपारी घरी जेवायला गेल्या की त्यांचा भाचा बसतो.

ताई हे सगळं काम इन्कॉग्निटो टॅबमध्ये करतात. शहाणपणाचंच आहे ते. साध्या टॅबमध्ये काम केलं तर एका गिऱ्हाइकाचं लॉगिन उघडं राहतं आणि पुढच्याचा फॉर्म भरायला बसलात की मागच्याचंच खातं समोर येतं. मोबाईल नंबर टाकायला गेलात की क्रोम आधीच्या चार जणांचे नंबर सुचवतं. इन्कॉग्निटोमध्ये टॅब बंद केले की कुकी, हिस्टरी, फॉर्ममध्ये भरलेलं, सगळं त्या टॅबलेटवरून जातं.

आता अडचण कुठे आली? फॉर्म भरून झाला, शेवटचा ओटीपी टाकला की स्क्रीनवर नोंदणी क्रमांक येतो. ताईंना वाटलं याचा एक स्क्रीनशॉट काढावा आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप करावा, विषय संपला. स्क्रीनशॉट येईना. समोर गिऱ्हाईक उभं, मागे अजून दोघं. मग त्यांनी आपला फोन काढला आणि टॅबलेटच्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. त्यात ट्यूबलाइटची चमक आली आणि क्रमांकातला एक आकडा वाचता येईना.

यावर उपाय आहे, आणि तो स्क्रीनशॉटपेक्षा चांगला आहे. पण आधी अडवतंय कोण ते बघू.

अडवणारी वेबसाइट नाही

पुष्कळ जणांचा समज असतो की सरकारी वेबसाइटनेच स्क्रीनशॉट बंद केलाय. तसं नाही. तीच वेबसाइट साध्या टॅबमध्ये उघडा, स्क्रीनशॉट आरामात येतो. क्रोमच्या टॅबमध्ये उघडलेल्या वेबसाइटला तुमच्या टॅबलेटचा स्क्रीनशॉट बंद करायची सोयच नसते. हे काम फक्त अ‍ॅप करू शकतं. इथे अ‍ॅप म्हणजे ब्राउझर.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप स्क्रीनवर जे दाखवतं त्याला विंडो म्हणतात. अ‍ॅप बनवणारा त्या विंडोवर एक खूण लावू शकतो की "ही विंडो सुरक्षित धरा." खूण लावायला एकच ओळ पुरते. ती अशी दिसते:

```
getWindow().setFlags(WindowManager.LayoutParams.FLAG_SECURE,
                     WindowManager.LayoutParams.FLAG_SECURE);
```

तुम्हाला कोड शिकायचा नाहीये, फक्त शेवटचं नाव लक्षात ठेवा: FLAG_SECURE. ही खूण लागली की अँड्रॉइड त्या विंडोचं चित्र कुणालाच देत नाही. तुमच्या बटणांना नाही, स्क्रीन रेकॉर्डरला नाही, टीव्हीवर कास्ट करणाऱ्याला नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही हे पाहिलं असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदाच बघता येणारा फोटो येतो, त्याचाही स्क्रीनशॉट येत नाही, तोही याच प्रकारातला.

क्रोम काय करतं? तुम्ही इन्कॉग्निटो टॅबवर आलात की ही खूण लावतं, साध्या टॅबवर परत गेलात की काढून घेतं. म्हणून एकाच टॅबलेटवर, एकाच ब्राउझरमध्ये, एका टॅबचा स्क्रीनशॉट येतो आणि शेजारच्याचा येत नाही.

मग ब्राउझरला एवढी काळजी कशाची?

इथे खरी गंमत आहे. बहुतेक लोक म्हणतात, "माझा टॅबलेट, माझी स्क्रीन, मी स्क्रीनशॉट काढला तर क्रोमच्या पोटात का दुखतं?" प्रश्न बरोबर आहे. पण क्रोमचा रोख मुख्यतः तुमच्यावर नाहीच. स्क्रीनचे फोटो काढणारा अजून एक जण तुमच्या टॅबलेटमध्ये बसलेला आहे, आणि तो म्हणजे खुद्द अँड्रॉइड.

दुसरा प्रयोग करा. साध्या टॅबमध्ये एखादी वेबसाइट उघडा आणि रीसेंट्सचं बटण दाबा, तेच, चालू असलेली सगळी अ‍ॅप पत्त्यांसारखी रांगेत दाखवणारं. काही टॅबलेटवर त्यासाठी खालून वर बोट सरकवून थोडं थांबावं लागतं. क्रोमच्या पत्त्यावर तुम्हाला मघाचं पान जसंच्या तसं दिसेल. ते पान आता चालू नाहीये. तो फोटो आहे. तुम्ही अ‍ॅपमधून बाहेर पडता त्या क्षणी अँड्रॉइड त्या स्क्रीनचा एक फोटो काढून ठेवतं, म्हणजे रीसेंट्समध्ये तुम्हाला ओळखता यावं की कुठलं अ‍ॅप कुठे सोडलं होतं. तुम्ही बटण दाबलं नाही, आवाज आला नाही, गॅलरीत काही दिसलं नाही, तरी फोटो निघाला.

आणि हे फोटो नुसते तात्पुरते मेमरीत राहत नाहीत. अँड्रॉइड ते सिस्टिमच्या आतल्या भागात, snapshots नावाच्या फोल्डरमध्ये स्टोरेजवर लिहून ठेवतं. तुम्हाला ते फोल्डर फाइल मॅनेजरमध्ये दिसणार नाही, पण परिणाम दिसतो: टॅबलेट बंद करून परत चालू केला तरी रीसेंट्समधल्या पत्त्यांवर जुनी चित्रं असू शकतात.

आता हे इन्कॉग्निटोला लावून बघा. इन्कॉग्निटोचा मुख्य शब्द काय आहे? टॅब बंद केल्यावर या डिव्हाइसवर तुम्ही काय बघितलं त्याची नोंद राहणार नाही. क्रोमने हिस्टरी पुसली, कुकी पुसल्या, फॉर्म पुसला. पण गिऱ्हाइकाचा पॅन, बँक खाते क्रमांक, पत्ता भरलेल्या पानाचा फोटो अँड्रॉइडने आधीच काढून ठेवला असेल तर? पुढच्या गिऱ्हाइकासाठी कॅल्क्युलेटर उघडायला भाच्याने रीसेंट्स दाबलं, आणि मागच्या बाईंचा भरलेला फॉर्म काउंटरवर सगळ्यांसमोर! स्वतःची वही फाडली, पण शेजाऱ्याने कार्बन कॉपी ठेवली, असा प्रकार.

म्हणून क्रोम FLAG_SECURE लावतं. आता इन्कॉग्निटो टॅबवर असताना रीसेंट्स दाबून बघा. पत्ता कोरा दिसेल, पानाचं चित्र नसेल. ही खूण चालू असल्याची सगळ्यात सोपी पारख आहे.

फायरफॉक्समध्ये हे अजून स्पष्ट कळतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट ब्राउझिंगच्या भागात `Allow screenshots in private browsing` असा स्विच आहे. त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे चालू केलं तर अनेक अ‍ॅप उघडी असताना प्रायव्हेट टॅबही दिसतील. म्हणजे बघा, स्विच स्क्रीनशॉटचा, आणि इशारा रीसेंट्सचा. दोन्ही एकाच खुणेला बांधलेत, हे त्या एका ओळीत कळतं.

दोन वेगळे स्विच का नाहीत, असं तुमच्या मनात आलं असेल. रीसेंट्सचा फोटो बंद, माझा स्क्रीनशॉट चालू. अँड्रॉइड १३ पासून अ‍ॅप बनवणाऱ्यांना अशी वेगळी सोय मिळालीय, फक्त रीसेंट्सचा फोटो काढू नको असं सांगायची. पण अँड्रॉइड १२ किंवा त्याआधीच्या टॅबलेटवर ती चालत नाही, आणि दुकानांच्या काउंटरवर जे टॅबलेट दिसतात त्यातले कितीतरी जुनेच असतात. जुनी खूण सगळीकडे चालते. शिवाय तुमचा स्क्रीनशॉट बंद ठेवण्यातही थोडा अर्थ आहेच. स्क्रीनशॉट गॅलरीत जातो. त्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर तो गुगल फोटोजमध्ये जातो, आणि तिथून डिलीट केला तरी बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये पडून राहतो. ज्याच्यासाठी इन्कॉग्निटो उघडलं, त्याच्या बरोबर उलटं.

लॅपटॉपवर मात्र क्रोमच्या इन्कॉग्निटोमध्ये स्क्रीनशॉट येतो. आयफोन-आयपॅडवर सफारीच्या प्रायव्हेट टॅबमध्येही येतो. म्हणजे "इन्कॉग्निटोत स्क्रीनशॉट येत नाही" हा इन्कॉग्निटोचा नियम नाही, अँड्रॉइडवरच्या ब्राउझरांनी घेतलेला निर्णय आहे.

बिघाड आहे की खूण, हे कसं ओळखायचं

रिपेअरवाल्याकडे जाण्याआधी एवढं करा. तोच स्क्रीनशॉट साध्या टॅबमध्ये घेऊन बघा. आला? मग इन्कॉग्निटोचीच अडवणूक आहे, टॅबलेट ठणठणीत आहे. साध्या टॅबमध्येही नाही, होम स्क्रीनवरही नाही, कुठेच येत नाही? मग दोन शक्यता. एक, स्टोरेज भरलंय. तेव्हा पट्टीवरचा मेसेज वेगळा असतो, जागा कमी असल्याचा. दोन, टॅबलेट तुम्हाला एखाद्या कंपनीने किंवा वितरकाने दिलेला आहे आणि त्यांनी त्यावर आपलं नियंत्रण ठेवलंय. अशा टॅबलेटवर ते पूर्ण डिव्हाइसचा स्क्रीनशॉट बंद करू शकतात. मेसेजमधला "संस्था" हा शब्द खरा इथला आहे. अँड्रॉइडने दोन्ही कारणांसाठी एकच वाक्य ठेवलं, म्हणून स्वतःच्या पैशाने घेतलेल्या टॅबलेटवरही तो शब्द दिसतो आणि माणूस घाबरतो.

आणि फक्त एकाच अ‍ॅपमध्ये, समजा बँकेच्या, येत नसेल तर त्या अ‍ॅपने खूण लावलीय. तिथे तुमच्या हातात काही नाही, आणि असूही नये.

तुमच्यापैकी जे मोबाईलवर शिकवायचे व्हिडिओ बनवतात त्यांच्यासाठी एक. स्क्रीन रेकॉर्डिंग करताना इन्कॉग्निटो टॅब उघडला तर रेकॉर्डिंगमध्ये तेवढा भाग काळा येतो. आवाज येतो, चित्र नाही. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली तरी समोरच्याला काळंच दिसतं, केबल लावून लॅपटॉपवर मिरर केलं तरी तेच. नवीन रेकॉर्डिंग अ‍ॅप टाकून उपयोग नाही, कारण अडवणूक त्या अ‍ॅपच्या वरच्या पातळीवर आहे.

ताईंनी आता काय करायचं?

आधी सरळ प्रश्न: स्क्रीनशॉट हवाच कशाला? ताईंना हवं होतं ते चित्र नाही, नोंदणी क्रमांक हवा होता. उद्यमचा क्रमांक UDYAM-MH-00-0000000 अशा साच्यात असतो, डॅश धरून १९ अक्षरं. इन्कॉग्निटो टॅबमध्ये स्क्रीनशॉट बंद असला तरी मजकूर कॉपी करणं बंद नसतं. क्रमांकावर बोट दाबून धरा, दोन्ही टोकं ओढून पूर्ण क्रमांक निवडा, कॉपी करा आणि गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅप चॅटमध्ये पेस्ट करा. फोटोतला क्रमांक गिऱ्हाइकाला परत हाताने टाइप करावा लागतो, आणि त्यात शून्य आणि ओ यांचा घोळ होतोच. मजकूर म्हणून पाठवलेला क्रमांक त्याला बँकेच्या फॉर्ममध्ये तसाच टाकता येतो. पेस्ट केल्यावर १९ अक्षरं मोजून बघा, एखादं टोक सुटलेलं असतं.

सर्टिफिकेट तर त्याच पोर्टलवरून नंतर कधीही प्रिंट करता येतं. क्रमांक आणि नोंदणीत दिलेला मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, सर्टिफिकेट उघडतं, त्यावर क्यूआर कोडही असतो. बँकेला तेच लागतं. स्क्रीनशॉट नेला तर बँकवाले परतच पाठवण्याची शक्यता जास्त.

संपूर्ण पान जपून ठेवायचं असेल तर क्रोमच्या तीन ठिपक्यांतून शेअर आणि मग प्रिंट निवडा. प्रिंटरच्या जागी पीडीएफ म्हणून सेव्ह करा असा पर्याय असतो. प्रिंट हा स्क्रीनचा फोटो नाही, ब्राउझर स्वतः ते पान नव्याने कागदासाठी मांडतो, त्यामुळे FLAG_SECURE त्याच्या आड येत नाही.

पण इथे एक गोष्ट नीट ऐका. इन्कॉग्निटोमध्ये डाऊनलोड केलेली फाइल टॅब बंद केल्यावर जात नाही. ती डाऊनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. क्रोम डाऊनलोडच्या वेळी त्याबद्दल सूचनाही देतं, पण घाईत कोण वाचतो? ताईंच्या टॅबलेटवर आम्ही ते फोल्डर उघडून बघितलं तर इतक्या दिवसांच्या गिऱ्हाइकांचे पीडीएफ तिथे एकाखाली एक होते. म्हणजे इन्कॉग्निटो, कोरा पत्ता, अडवलेला स्क्रीनशॉट, सगळं असून माहिती तिथेच. आता त्यांनी क्रम ठरवलाय: पीडीएफ सेव्ह, गिऱ्हाइकाला पाठवला, त्याच्या फोनवर उघडतोय याची खात्री केली, त्याच्यासमोरच डाऊनलोडमधून डिलीट. मग त्या चॅटमधूनही काढायचा, कारण व्हॉट्सअ‍ॅप पाठवलेल्या फाइलची स्वतःची प्रत ठेवतं.

अडवणूक काढता येते का?

येते. फायरफॉक्समधला स्विच वर सांगितलाच. क्रोममध्ये त्यासाठी एक प्रयोगातली सेटिंग आहे. अ‍ॅड्रेस बारमध्ये हे टाका:

```
chrome://flags/#incognito-screenshot
```

जी ओळ पिवळी होऊन वर येईल तिथे `Default` च्या जागी `Enabled` निवडा आणि खाली येणारं `Relaunch` दाबा. क्रोम बंद होऊन परत उघडतं. हे दाबण्याआधी इन्कॉग्निटोमधलं काम संपवा. अर्धवट भरलेला फॉर्म परत मिळेल असं धरून चालू नका. आणि ही प्रयोगातली पानं आहेत, क्रोमच्या अपडेटमध्ये अशा सेटिंग्ज येतात आणि जातात. ओळ दिसली नाही तर तुमच्या आवृत्तीत ती नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी कुठल्या अनोळखी साइटवरून क्रोमची जुनी आवृत्ती आणून टाकू नका.

ती ओळ वाचलीत तर तिथेही लिहिलेलं सापडेल की यामुळे इन्कॉग्निटोची छोटी चित्रंही दिसू लागतील. पुन्हा तेच, रीसेंट्स.

माझं मत विचाराल तर काउंटरवरच्या टॅबलेटवर हे चालू करू नका. घरच्या, एकट्याच्या टॅबलेटवर, व्हिडिओ बनवण्यापुरतं करायचं तर करा, आणि तेही क्रोममध्ये न करता फायरफॉक्समध्ये. कारण फायरफॉक्सचा स्विच साध्या सेटिंग्जमध्ये आहे, काम झालं की बंद करायला सापडतो. क्रोमची ती ओळ एकदा चालू केली की सहा महिन्यांनी कुणाच्या लक्षातही राहत नाही.

ही खूण काय वाचवत नाही

कोरा पत्ता बघून भाचा समजला की टॅब बंद झालाय. तसं नसतं. पत्ता कोरा आहे, पण त्यावर टॅप केलं की इन्कॉग्निटो टॅब मघाच्याच जागी उघडतो, लॉगिन चालूच. खूण फक्त फोटो अडवते, दार बंद करत नाही. दारासाठी वेगळी सेटिंग आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जा, तिथे `Lock Incognito tabs when you leave Chrome` असा स्विच असतो. चालू केला की क्रोममधून बाहेर पडून परत आल्यावर इन्कॉग्निटो टॅब उघडायला बोटाचा ठसा किंवा टॅबलेटचा पिन लागतो. त्यासाठी टॅबलेटला स्क्रीन लॉक मात्र असावा लागतो, आणि दुकानातल्या टॅबलेटला लॉक ठेवायचा लोकांना कंटाळा येतो. ठेवा. पिन भाच्याला माहीत असला तरी चालेल, समोर उभ्या गिऱ्हाइकाला माहीत नसावा एवढंच.

काउंटरच्या पलीकडून कुणी आपल्या फोनने टॅबलेटचा फोटो काढला तर ही खूण काहीच करू शकत नाही. ताईंनी स्वतः तेच केलं होतं ना! म्हणून टॅबलेटचं तोंड आपल्याकडे ठेवा आणि तपासायला दाखवायचं असेल तेव्हाच फिरवा.

अजून एक, जरा गंभीर. अँड्रॉइडमध्ये ज्या अ‍ॅपना अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी दिलेली असते, ती अ‍ॅप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतात. ही सोय खरं तर नीट न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवण्यासाठी आहे. FLAG_SECURE चित्र अडवतं, हे वाचन अडवत नाही. म्हणून फोन करून कुणी "तुमच्या खात्याचं केवायसी राहिलंय, हे अ‍ॅप टाका आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी चालू करा" म्हणालं, तर स्क्रीन काळी दिसते म्हणून आपण सुरक्षित आहोत असं समजू नका. काउंटरच्या टॅबलेटवर सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅक्सेसिबिलिटीची यादी उघडा आणि तिथे तुम्ही न ओळखणारं अ‍ॅप चालू असेल तर आधी ते बंद करा, मग ते अ‍ॅपच काढून टाका.

रोजच्या कामात ताईंचा आता असा क्रम आहे. गिऱ्हाईक आलं की नवा इन्कॉग्निटो टॅब. काम झालं की क्रमांक कॉपी करून पाठवायचा, पीडीएफ पाठवून डिलीट करायचा. मग वरची सूचनांची पट्टी खाली ओढायची, तिथे इन्कॉग्निटोचे सगळे टॅब बंद करायची सूचना असते, तिच्यावर टॅप. ती सूचना दिसत असेल तर एखादा टॅब उघडा राहिलाय असं समजायचं. मगच पुढच्याला खुर्चीवर बसवायचं. घरी जेवायला जाताना त्या भाच्याला एवढंच विचारतात, "वरची सूचना गेली का रे?"